बोअरमधला लेव्हल ट्रान्समीटर दुपारी पाणी खाली गेलं म्हणतो, पण मोटर तर बंद असते!

पन्हाळा_रोड
मंडळी, कळे गावाजवळ आमचं रान आहे, त्यात 300 फुटी बोअर. मोटर 250 फुटांवर. पाणी किती आहे ते घरबसल्या फोनवर बघता यावं म्हणून पाण्यात सोडायचा प्रेशर ट्रान्समीटर बसवून घेतला. रेंज 0 ते 50 मीटर, दोन वायरचा, 4 ते 20 मिलिअँप. केसिंगच्या तोंडापासून 62 मीटर खाली सोडलाय, म्हणजे मोटरच्या बराच वर. केबल एक इंची पाईपातून नेली आहे, त्यामुळे मोटरच्या केबलशी गुंता नाही. केसिंगजवळ खांबावर जंक्शन बॉक्स आहे आणि तिथून साधी दोन कोअर वायर मोटरच्या शेडमध्ये येते. शेडमध्ये 24 व्होल्टचा सप्लाय, 150 ओहमचा रेझिस्टर, एडीएस1115 आणि ईएसपी32. रेझिस्टर मीटरवर मोजला तर 149.6 भरला, तोच आकडा कोडमध्ये घातलाय.

```
float v     = ads.computeVolts(ads.readADC_SingleEnded(0));
float mA    = v * 1000.0 / 149.6;
float col   = (mA - 4.0) * 50.0 / 16.0;
float level = 62.0 - col;
```

शेवटची ओळ म्हणजे केसिंगच्या तोंडापासून पाणी किती खोल आहे ते.

आता भानगड अशी की पहाटे 34.90 मीटर दाखवतो. उन्हं चढली की आकडा वाढत जातो आणि दुपारी 3 च्या सुमाराला 35.35 होतो. संध्याकाळनंतर हळूहळू परत मागे. मोटर दिवसभर बंद असली तरी हेच, कारण या आठवड्यात आमची लाईट रात्रीची आहे. ढगाळ दिवशी फरक जवळजवळ निम्मा होतो. कुणाला काही अंदाज?

आबा_शिरोळ
पोरा, तुझी मोटर बंद असंल, शेजाऱ्याची न्हाई. खडकातल्या भेगा एकच असत्यात. आमच्यात शेजारच्या रानात मोटर चालू झाली की आमच्या बोअरचं पाणी दोन-तीन फूट बसतंय. आधी त्याला इचार जा, मग यंत्राला नावं ठेव.

सोल्डर_आणि_चहा
रेझिस्टर बदल. शेडला पत्रा आहे ना? दुपारी आत सहज वीसेक अंशांनी तापतं. साधा कार्बन फिल्म असेल तर तापला की त्याची किंमत सरकते. व्होल्टेज कमी आलं की तुझा कोड म्हणणार करंट कमी झाला, म्हणजे पाणी खाली गेलं. ढगाळ दिवशी निम्मं होतंय, म्हणजे उष्णतेचाच खेळ आहे. मेटल फिल्म लाव, विषय संपला.

मंजिरी_राजारामपुरी
आमचाही हाच प्रॉब्लेम आहे! सोसायटीच्या गच्चीवरची टाकी अडीच मीटर उंच. टाकी काठोकाठ भरली तरी ॲप 2.3 मीटर म्हणतं आणि धुवायला रिकामी केली तेव्हा मायनस दाखवत होतं. बसवणारा म्हणतो कंपनीचा सर्टिफिकेट आहे, अर्ध्या टक्क्याच्या आत चुकतो. मग वीस सेंटिमीटर कसे चुकले? आम्ही पण ओहम बदलायचा का?

लूपवाला_शिरोली
मंजिरीताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. ट्रान्समीटरच्या पट्टीवर रेंज काय लिहिली आहे ते आधी सांगा, मग बोलू.

पन्हाळा_रोड, तुमची जोडणी चांगली आहे. सोल्डरभाऊ म्हणतात ते अगदीच चूक नाही, पण आधी हिशेब बघा. तुमच्या सेन्सरला 50 मीटरसाठी 16 मिलिअँप आहेत, म्हणजे एका मीटरला 0.32. पहाटे 34.90 म्हणजे सेन्सरवर 27.10 मीटर पाणी, करंट 12.67. दुपारी 12.53. फरक साधारण 0.14 मिलिअँपचा, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आतबाहेर. वीस अंशांत एवढा सरकणारा रेझिस्टर फारच रद्दी हवा. बरा मेटल फिल्म असेल तर एक-दोन दशांश टक्के, म्हणजे चार ते आठ सेंटिमीटर. पंचेचाळीस नव्हेत.

रेझिस्टर खोटं बोलतोय की खरंच करंट कमी होतोय, हे कळायला सोपा उपाय आहे. दुपारी 3 ला जंक्शन बॉक्स उघडून एक वायर सोडा आणि मल्टिमीटर मिलिअँपवर ठेवून मध्ये सिरीजमध्ये घाला. मीटरलाही 12.53 दिसले तर रेझिस्टर, एडीएस, कोड सगळे निर्दोष. आणि आबा म्हणतात ते तपासायला बोअरचं पाणी हातानं मोजा, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. दोन कोअर वायरची टोकं सोलून थोडं वजन बांधा, दुसरीकडे मल्टिमीटर रेझिस्टन्सवर ठेवा. टोकं पाण्याला टेकली की मीटर हलतो. तिथं वायरला चिकटपट्टी लावा, वर काढा, टेपनं मोजा.

आबा_शिरोळ
हे बेस सांगितलं. आम्ही दोरीला दगड बांधून वल कुठवर आली ते बघतो.

गडहिंग्लजचे_मास्तर
एक शंका. ट्रान्समीटरच्या केबलमध्ये वायरींबरोबर एक बारीक नळी असते, ती वर कुठे उघडते? पाण्यावर हवेचाही दाब असतो आणि तो वजा व्हावा म्हणून ती नळी असते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे हवेचा दाब 950 हेक्टोपास्कलच्या आसपास. पाण्यात मोजला तर हा दाब जवळजवळ 9.7 मीटर भरतो. तो नीट वजा झाला नाही तर सगळाच हिशेब बिघडतो.

पन्हाळा_रोड
मास्तर, नळी जंक्शन बॉक्सच्या आतच संपते. तिला काही लावलेलं नाही, तोंड उघडं आहे.

सगळे प्रयोग केले, आता ऐका. पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा वायर सोडून मोजलं. दोन्ही वेळा पाणी 35.10 मीटरवर! म्हणजे पाणी हललेलंच नाही. आबा, शेजारीही सुटला. त्याचीही लाईट रात्रीचीच आहे.

पुढचं मात्र मला कळलं नाही. मल्टिमीटर लावायला दुपारी बॉक्सचे चार स्क्रू काढले. झाकण इतकं चिकटलेलं की स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटावं लागलं, आणि निघताना फुस्स असा बारीक आवाज आला. वायर सोडायच्या आधी फोन बघितला तर 35.35 चं 35.11 झालेलं! मग मीटर लावला, तो 12.61 दाखवतोय. म्हणजे मोजायला गेलो आणि दुखणंच गायब. झाकण लावून स्क्रू आवळले तर तासाभरात परत 35.2 च्या पुढे. नेमकं काय चाललंय?

सोल्डर_आणि_चहा
टर्मिनल लूज असणार. झाकण उचकटताना वायर हलली आणि कॉन्टॅक्ट नीट बसला.

लूपवाला_शिरोली
नाही हो. टर्मिनल सैल असेल तर लूपमध्ये थोडा रेझिस्टन्स वाढतो, पण ट्रान्समीटर आपला करंट स्वतः धरून ठेवतो. 24 व्होल्टमधून तुमच्या 150 ओहमवर वीस मिलिअँपलाही तीनच व्होल्ट पडतात. ट्रान्समीटरला बारा-तेरा पुरतात. एवढी जागा असताना सैल स्क्रू फरक पाडत नाही. पाडला तर आकडा उड्या मारतो किंवा शून्यावर आपटतो, असा उन्हाबरोबर शिस्तीत चढत-उतरत नाही.

फुस्स आवाज आला ना? तोच तुमचा चोर. बॉक्स हवाबंद आहे. ग्लँड घट्ट, झाकणाला रबर, कदाचित वर सिलिकॉनही. नळी उघडी आहे खरी, पण बंद डब्यात उघडी आहे. आतली हवा उन्हानं तापते आणि तिचा दाब वाढतो. तोच दाब नळीतून सेन्सरच्या पडद्याच्या मागल्या बाजूला पोचतो. पुढून पाणी ढकलतंय आणि मागून डब्यातली हवा. सेन्सरला वाटतं पाणी कमी झालं.

गडहिंग्लजचे_मास्तर
अगदी! हिशेब करून बघतो. पहाटे 27 अंश आणि दुपारी बॉक्सच्या आत 47 धरूया. केल्व्हिनमध्ये 300 आणि 320. बंद डब्यात आकारमान बदलत नाही, म्हणजे दाब त्याच प्रमाणात वाढणार. 950 × 320 / 300 केले तर 1013 येतात. वाढ 63 हेक्टोपास्कल. एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर पाणी. म्हणजे 64 सेंटिमीटर! तुमच्याकडे 45 दिसले, बाकीचे कुठे गेले?

लूपवाला_शिरोली
मास्तर, डबा कागदावर असतो तेवढा बंद खऱ्या जगात नसतो. थोडा गळतो, आणि ते आकड्यांतच दिसतं. पाणी कायम 35.10 वर आहे. दुपारी सेन्सर 35.35 म्हणतो, म्हणजे 25 सेंटिमीटर खोल. पण पहाटे 34.90 म्हणतो, म्हणजे 20 सेंटिमीटर वर! नुसत्या तापण्यानं असं झालं नसतं, एकाच बाजूला चुकला असता. दिवसभर तापलेली हवा रबराच्या फटीतून हळूहळू बाहेर जाते. रात्री डबा गार झाला की आत दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडतो आणि आकडा उलट्या बाजूला जातो. म्हणून पहाटेचा आकडा खरा समजू नका. तोही खोटाच आहे.

मला तुमच्या 45 सेंटिमीटरपेक्षा पुढची काळजी वाटते. डबा रात्री बाहेरची हवा आत ओढतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्या हवेत किती ओल असते ते तुम्हाला सांगायला नको. ती ओल नळीत जमली आणि एक थेंब मध्ये अडकला की नळी कायमची बुजते. मग झाकण उघडूनही आकडा सुधारत नाही. सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबाबरोबर हलायला लागतो. हवेचा दाब दिवसात दोनदा चढतो-उतरतो, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी. फरक दोन-चार सेंटिमीटरचाच, पण वादळी हवा आली की जास्त. आलेखात रोज दोन लाटा दिसल्या की नळी बुजली असं मी समजतो. बोअरच्या पाण्याची स्वतःची हालचालही त्यात मिसळते, म्हणून पक्की खात्री हवी तर सेन्सर बाहेर काढून बादलीत ठेवूनच बघावं लागतं.

पन्हाळा_रोड
बॉक्स नीट बघितला. पॅनेलवाल्यानं ग्लँडवर बाहेरून सिलिकॉन फासलंय आणि झाकणालाही रबराच्या वरून. पाणी जाऊ नये म्हणून केलं असणार. आता काय करू? भोक पाडलं तर पावसाचं पाणी आत. आमच्याकडे पन्हाळ्याच्या बाजूनं आडवा पाऊस येतो.

लूपवाला_शिरोली
सिलिकॉन राहू द्या. बॉक्सच्या तळाला, खालच्या बाजूनं, भोक पाडून ब्रीदर प्लग बसवा. त्यात पातळ पडदा असतो, हवा जाते, पाणी जात नाही. वरच्या किंवा बाजूच्या भिंतीला नको. बॉक्सच्या आत नळीच्या तोंडाजवळ सिलिका जेलची पुडी ठेवा, पण तोंडाला टेकवू नका आणि टेप तर अजिबात गुंडाळू नका. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदला. खांबाच्या उत्तरेच्या अंगाला बॉक्स फिरवता आला किंवा वर पत्र्याचं छपर घालता आलं तर उत्तम. ग्लँड आवळताना केबल चेपली जात नाही ना तेही बघा. नळी बारीक असते, तिथंच दाबून बुजते.

आबा_शिरोळ
ब्रीदर म्हंजे डीपीच्या ट्रान्सफॉर्मरला असतंय तसलं, गुलाबी खड्याचं?

लूपवाला_शिरोली
बरोबर ओळखलंत आबा. कल्पना तीच, इथं छोटं.

मंजिरी_राजारामपुरी
आमच्या पट्टीवर 0-50 एमएच2ओ लिहिलंय. म्हणजे काय ते वॉचमनला विचारलं, तो म्हणाला 50 मीटर पाण्याचा आहे, मोठाच दिलाय.

लूपवाला_शिरोली
तेच तर दुखणं आहे ताई. सर्टिफिकेटावरचा अर्धा टक्का हा पूर्ण रेंजचा असतो, तुमच्या टाकीतल्या पाण्याचा नाही. 50 मीटरचा अर्धा टक्का म्हणजे 25 सेंटिमीटर. अडीच मीटरच्या टाकीत तो 25 सेंटिमीटर चुकला तरी कागदोपत्री पास. शिवाय टाकी काठोकाठ भरली तरी करंट 4 वरून 4.8 वरच जाणार, बाकीची पट्टी रिकामीच. तुम्हाला 5 मीटरचा हवा होता.

तोवर एक तात्पुरता उपाय. टाकी रिकामी असेल तेव्हा जो मिलिअँप येतो, समजा 3.94, तो कोडमध्ये 4 च्या जागी घाला. कायमची चूक त्यानं निघून जाते. पण तापमानाबरोबर सरकणारी चूक राहणार, आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी बोअरसारखं एकसारख्या तापमानाचं नसतं.

सोल्डर_आणि_चहा
एक विचारतो, टाकीला एवढा खर्च कशाला? वरून अल्ट्रासॉनिक लावला तर चारशे रुपयांत काम होतं. मी लावलाय, मस्त चालतो.

मंजिरी_राजारामपुरी
तोच होता आधी. थंडीत झाकणाखाली वाफ धरायची आणि टाकी नेहमी फुल्ल दाखवायची. सेक्रेटरी आंघोळीला गेले आणि पाणी संपलं, तेव्हापासून अल्ट्रासॉनिकचं नाव काढायची सोय नाही.

पन्हाळा_रोड
ब्रीदर शाहूपुरीत एका पॅनेलच्या दुकानात मिळाला. तळाला भोक पाडून बसवला, सिलिका ठेवली. आता पहाटे 35.09 आणि दुपारी 35.14. वायर सोडून मोजलं की दोन्ही वेळा 35.1, पण माझी चिकटपट्टी दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होते, त्यामुळे त्यापेक्षा बारीक सांगता येत नाही.

सांगितलं नव्हतं पण आणखी एक करून बघितलं. केबल बरोबर एक मीटर वर ओढून बांधली. करंट 0.32 नी उतरला, अगदी हिशेबाप्रमाणे.

लूपवाला_शिरोली
हे छान केलंत. एक मीटर ओढून 0.32 आला म्हणजे उतार ठीक आहे, आणि त्याला पाण्याची पातळी माहीत असायची गरज पडत नाही. आता सेन्सर परत 62 वर सोडा, नाहीतर कोडमधला आकडा बदला.

पावसाळ्यासाठी एक लक्षात ठेवा. 62 मीटरवर 50 मीटरचा सेन्सर, म्हणजे पाणी तोंडापासून 12 मीटरच्या वर आलं की रेंज संपली. तुमच्या भागात चांगल्या पावसानंतर बोअर तेवढं भरू शकतं. मग आकडा वीस मिलिअँपच्या जरा वर जाऊन बसेल आणि हलणार नाही. सेन्सर मेला म्हणून काढत बसू नका. कोडमध्ये 20.5 च्या वर गेलं तर "रेंजबाहेर" आणि 3.6 च्या खाली गेलं तर "वायर तुटली" असं दाखवा.

सोल्डर_आणि_चहा
आणि दुपारचे जे पाच सेंटिमीटर उरलेत ते रेझिस्टरचेच. बघा, मी म्हणालो होतो.

आबा_शिरोळ
न्हाई. दिवसा कुणाची तरी मोटर चालूच असती. पलीकडच्या शिवारात सोलर पंप असंल तर त्याला लाईटीचं वेळापत्रक नसतंय. ऊन आलं की चालू.

पन्हाळा_रोड
आबा, ओढ्यापलीकडे नवा सोलर पंप बसलाय, ते खरं आहे. आमच्या बोअरपासून तीनशे मीटर तरी असेल.

गडहिंग्लजचे_मास्तर
दोघांचीही परीक्षा एकाच वेळी होईल. ढगाळ दिवशी शेड तापत नाही आणि सोलर पंपही मंद चालतो, त्यामुळे ढगाळ दिवस उपयोगाचा नाही. शेडमधला रेझिस्टर आणि एडीएस दुपारभर थर्मासमध्ये ठेवून बघा. पाच सेंटिमीटर तसेच राहिले तर सोलर पंप.

लूपवाला_शिरोली
थर्मास कशाला, 25 पीपीएमचा रेझिस्टर लावा. पन्नास-साठ रुपयांचा प्रश्न आहे.

पन्हाळा_रोड
मागवलाय. आला की दोन्ही आलेख इथं टाकतो.

मंजिरी_राजारामपुरी
आमचा 5 मीटरचा मंजूर झाला! त्याची नळी टाकीच्या झाकणाखाली उघडी ठेवली तर चालेल का? तिथं पाऊस लागत नाही.

लूपवाला_शिरोली
नको ताई. तुमच्या अल्ट्रासॉनिकला ज्या वाफेनं खाल्लं तीच तिथं आहे. केबल टाकीबाहेर काढा, सावलीतल्या भिंतीवर बॉक्स लावा, तळाला ब्रीदर. आणि बसवणाऱ्याच्या हातात सिलिकॉनची ट्यूब दिसली तर आधी मला फोटो पाठवा.